तिसऱ्या प्रहरात तुम्ही काय करता? महाशिवरात्रीच्या जागरणाचे अनुभव

कृष्णाकाठ

आमचं गाव सांगलीजवळ, नदीकाठी. घराला लागूनच महादेवाचं जुनं देऊळ आहे. महाशिवरात्रीच्या चारही यामांच्या पूजा तिथे होतात आणि त्यांचा मान भावकीतल्या चार घरांत फिरता असतो. मी दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून या रात्रीला बसतो आहे. यंदा आमच्या घराची पाळी आहे, काका आता थकलेत, म्हणून रात्र मलाच सांभाळायची आहे. त्यासाठीच हा धागा.

आधी आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेचे चार सारखे भाग करायचे. 2025 साली 26 फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. त्या दिवशी आमच्याकडे सूर्य 6 वाजून 38 मिनिटांनी मावळला आणि दुसऱ्या दिवशी 6:52 ला उगवला. रात्र झाली सव्वाबारा तासांची, म्हणजे एक प्रहर तीन तास आणि वर तीन-चार मिनिटं. दुसरा प्रहर सुरू झाला पावणेदहाच्या जरा आधी, तिसरा पाऊण वाजता आणि चौथा पावणेचारनंतर लगेच.

पहिल्या यामात दुधाचा अभिषेक, दुसऱ्यात दह्याचा, तिसऱ्यात तुपाचा, चौथ्यात मधाचा. काका त्या त्या वेळी ईशान, अघोर, वामदेव, सद्योजात अशी नावं घेतात. प्रत्येक वेळी रुद्राचं एक आवर्तन, बेल, धूप-दीप, नैवेद्य, आरती. आंब्याचा मोहोर आणि गव्हाच्या ओंब्या पहिल्याच पूजेला वाहतो. या सगळ्याला तास-सव्वा तास लागतो. म्हणजे प्रहरातले पावणेदोन तास मोकळे राहतात, आणि माणूस झोपतो तो याच वेळात.

पहिल्या प्रहरात अख्खा गाव असतो, दुसऱ्यात भजन असतं. चौथ्यात पहाटेची चाहूल लागते, बायका आंघोळी करून येतात. तिसऱ्यात कोणीच नसतं. त्यातून तुपाचा अभिषेक याच वेळी. फेब्रुवारीच्या गारठ्यात तूप थिजतं, पिंडीवर थर बसतो, शाळुंकेच्या खाचेत अडकतं, बेलाची पानं त्याला चिकटतात. ते कोमट पाण्याने आणि साखरेने हलक्या हाताने चोळून काढावं लागतं. नाहीतर चौथ्या यामातला मध त्या थरावरून नुसता घसरून जातो, पिंडीला लागतच नाही.

आजोबांनी मला लहानपणी दिलेलं काम म्हणजे गळती सांभाळणं. पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रात पाणी भरत राहायचं. भोकात दर्भाची काडी बसवून धार इतकी बारीक करायची की एक कळशी पाणी साधारण वीस मिनिटं पुरावं. काडी सैल बसली तर पाणी दहा मिनिटांत संपतं, घट्ट बसली तर थेंबच पडत नाही. त्या थेंबांच्या आवाजाची इतकी सवय होते की आवाज थांबला की डोळे आपोआप उघडतात. पंधरा-सोळा वर्षांचा असताना मात्र मी एकदा खांबाला टेकून झोपलो आणि आवाज थांबलेला मला कळलाच नाही. उठलो तेव्हा आजोबा कळशी घेऊन उभे होते आणि पात्र भरलेलं होतं. ते एक शब्दही बोलले नाहीत. त्या रात्री संध्याकाळी मी ताट भरून साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, हे आता लक्षात येतं.

तर सांगा, तुमच्याकडे तिसरा प्रहर कसा काढतात? काय खाता, कधी खाता, काय चुकलं?

रातपाळी

कृष्णाकाठदादा, मी परिचारिका आहे, बावीस वर्षं रात्रपाळी केली आणि शिवरात्रही करते. तिसरा प्रहर जड जातो तो तिथे कोणी नसतं एवढ्यानेच नव्हे. रात्री तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान दिवसभरातलं सगळ्यात कमी असतं आणि झोपेची ओढ सगळ्यात जास्त. वॉर्डात औषधांच्या चुका होऊ नयेत म्हणून याच वेळी आम्ही एकमेकींच्या नोंदी पुन्हा वाचतो.

माझा क्रम सांगते. दुपारी दीड-दोनला अंधार करून तासभर, जमलं तर दीड तास झोपायचं. झोप लागली नाही तरी पडून राहायचं. चहा उपासाला चालत असेल तर एक दहाच्या सुमारास आणि दुसरा दोनच्या आत. एकदम चार कप पिऊन बसलं तर छाती धडधडते आणि तीनला पुन्हा डोळे मिटतात ते मिटतातच. पाणी थोडं थोडं पीत राहा. निर्जळी करणाऱ्यांना डोकं दुखून आलेलं मी दरवर्षी बघते.

आणि बसून राहू नका. तुमचं गळतीचं काम उत्तम आहे, कारण दर वीस मिनिटांनी उठून दोन पावलं चालावं लागतं. तेवढ्याने झोपेची साखळी तुटते. जप एका जागी बसून केला की मीही पेंगते, म्हणून मी तिसऱ्या प्रहरातला जप देवळाच्या ओवरीत चालत करते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. सकाळी दुचाकी चालवू नका. आमच्याकडे शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अपघाताचे रुग्ण येतात, त्यांत रात्रभर जागून घरी निघालेले असतात. डुलकी दोन-तीन सेकंदांची असते, पण गाडी तेवढ्यात रस्ता सोडते. देवळातच अर्धा तास झोपा, मग निघा.

सुमनकाकू

खिचडीबद्दल अगदी बरोबर पकडलंस बाळा. आमच्या सासूबाई शिवरात्रीच्या संध्याकाळी साबुदाणा करूच देत नसत. एकादशीला दुपारी खा, शिवरात्रीला रात्री नको, असं त्यांचं म्हणणं. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, वर बटाटा आणि तूप. पोट जड होतं आणि तासाभरात डोळ्यांवर येतं.

माझ्याकडे असं असतं. दुपारी तीनला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. आमटी पातळ, आमसूल घालून, गूळ बेताचा. दिवसाचं जेवण तेवढंच. संध्याकाळी पूजेआधी एक उकडलेलं रताळं आणि वाटीभर दूध. बाराच्या सुमारास जिरं आणि सैंधव घातलेलं ताक आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. तीन वाजता कवठाची चटणी बोटाने चाटायची. ती आंबट-गोड-तिखट असते, तिने तोंड आणि डोळे दोन्ही उघडतात. याला कोणी हसू नये, मी चाळीस वर्षं करते आहे.

कवठ या दिवसांतच पिकतं आणि आमच्याकडे शिवरात्रीला ते हवंच. घेताना हातभर उंचीवरून जमिनीवर टाकून बघायचं. उसळी मारली तर कच्चं, थप्प आवाज करून तिथेच राहिलं तर पिकलेलं. एका मध्यम कवठाच्या गराला जवळजवळ तेवढाच चिरलेला गूळ, अर्धा चमचा जिरं, एक चमचा लाल तिखट, चवीला मीठ. पाट्यावर वाटलं तर बिया राहतात आणि छान लागतात, मिक्सरमध्ये बारीक झाल्या तर चटणी कडवट होते. गर काळपट दिसला आणि दारूसारखा वास आला तर ते कवठ टाकून द्यायचं.

श्री_माहीमकर

आमच्याकडे तिसऱ्या प्रहरी जेवण झालेलं असतं आणि दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडून आम्ही घरी येतो. चार वाजता चहा आणि बटाट्याचा कीस. उन्हामुळे थकवा येतो हे खरं, पण तेव्हा जागं राहणं अवघड का जावं ते समजलं नाही. रांगेत पाण्याची बाटली मात्र जवळ ठेवावी.

कृष्णाकाठ

माहीमकरकाका, चूक माझी, शीर्षकात नीट लिहायला हवं होतं. दुपारचा तिसरा प्रहर नव्हे, रात्रीचा. पाऊण ते पावणेचार.

श्री_माहीमकर

अच्छा, रात्रीचा होय! मग आम्ही बाराला निशीथकाळाची आरती करून झोपतो. आमच्या वडिलांनी असंच सांगितलं होतं. निशीथकाळ बाराला होतो, मुख्य पूजा तीच. ती झाली की पुढचं जागरण ज्याच्या त्याच्या इच्छेवर.

घटिकापात्र

निशीथपूजा मुख्य, हे बरोबर. पण तो काळ घड्याळातल्या बाराला धरू नका. रात्रीचे पंधरा मुहूर्त केले तर त्यातला आठवा, म्हणजे मधला, तो निशीथ. या दिवसांत तो साधारण एकोणपन्नास मिनिटांचा असतो. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि मुंबई त्याच्या पुष्कळ पश्चिमेला आहे. शिवाय फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या तेरा-चौदा मिनिटं मागे असतो. दोन्ही मिळून मुंबईची खरी मध्यरात्र तेव्हा बारा वाजून पन्नास मिनिटांच्या आसपास येते आणि निशीथ सव्वाबारा उलटल्यावर दहा-बारा मिनिटांनी सुरू होतो. नागपूरची मध्यरात्र साडेबाराच्या जराशी आधीच होते. म्हणजे बाराच्या आरतीला तुम्ही निशीथाच्या आधीच उठून जाता. आणखी पाऊण तास बसलात तर वडिलांनी सांगितलेलंच नेमकेपणाने होईल.

चार यामांची पूजा ज्याने संकल्पात म्हटली आहे त्याने मात्र चारही करायच्या. संकल्प संध्याकाळी एकदाच होतो, तेव्हाच विचार करून उच्चारावा.

श्री_माहीमकर

वडिलांकडे जुनं पंचांग होतं, त्यात काय होतं ते बघायला हवं. पण यंदा साडेबाराला बसून बघतो.

वऱ्हाडातली

आमच्याकडे देवळात बसत नाही, आम्ही महादेवाले जातो. पचमढीचा मोठा महादेव आणि वर चौरागड. माझे बाबा नवस बोलले होते म्हणून त्रिशूळ वाहायचा होता. मी तेव्हा तेरा वर्षांची. गावातून गाडी केली होती, वाटेत सगळे म्हणत होते, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव." चौरागडाच्या हजाराच्या वर पायऱ्या आहेत आणि रात्रीची ती चढाई. झोपेचा प्रश्नच येत नाही, कारण मागचे लोक पुढं ढकलत असतात.

उपासाचं म्हणाल तर आईनं राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे फडक्यात बांधून दिले होते. बाबांनी त्रिशूळ खांद्यावर घेतलेला आणि पायात चप्पल नाही. उतरताना त्यांचा गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी त्यांना धरून गाडीपर्यंत आणलं. खाली उतरताना थांबत थांबत उतरा हे मले तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं लिहिते. चढताना दम लागतो, पण गुडघे उतरताना जातात.

मधुमेही_2011

माझा अनुभव लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मला 2011 पासून मधुमेह आहे. शिवरात्रीचा उपास मी आधीपासूनच करत होतो, तो सोडायचं मनात आलं नाही. पहिली काही वर्षं काही झालं नाही. नंतर डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची गोळी सुरू केली. मी उपासाबद्दल त्यांना काही बोललो नाही. गोळी नेहमीसारखी संध्याकाळी घेतली आणि खाल्लं फक्त एक केळं.

रात्री अडीचला दरदरून घाम फुटला. मला वाटलं गाभाऱ्यात कोंदट आहे. मग हात थरथरायला लागले आणि समोरच्या पोथीतली ओळ पुन्हा पुन्हा वाचूनही समजेना. बायकोने यंत्र आणलं होतं, साखर 54 निघाली. तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा 81 होती. मग दूध आणि शेंगदाणे खाल्ले. पहाटेपर्यंत मला एकटं सोडलं नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की ही गोळी पोटात अन्न असो-नसो साखर उतरवतेच. आता उपासाच्या आठ दिवस आधी त्यांना विचारतो आणि त्या रात्रीसाठी ते गोळी बदलून देतात. तुम्ही मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, प्रत्येकाची औषधं वेगळी असतात. जागरणात घाम, थरथर आणि गोंधळ आला तर ती झोप समजू नका. शेजारी बसणाऱ्याला आपला आजार माहीत असायला हवा.

सुमनकाकू

अगं बाई! बरं झालं लिहिलंत. आमच्या ह्यांनाही तीच गोळी आहे. उद्याच फोन करते.

गोदाकाठची सून

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी भगरीच्या पिठाच्या भाकरी केल्या होत्या. पीठ बाजारातून सुटं आणलेलं, कुठल्या दुकानातलं ते लिहीत नाही. डब्यात आधीचं थोडं उरलं होतं, त्यातच ओतलं. रात्री नऊला खाल्लं. अकराच्या आत सासरे, दीर आणि मी, तिघांना चक्कर, मळमळ, उलट्या आणि हातापायांना कंप सुटला. जाऊबाईंनी फक्त रताळं खाल्लं होतं, त्या ठीक होत्या. त्यांनीच रिक्षा केली. सलाईन लागलं, सकाळी घरी सोडलं. त्या रात्री आमच्या पिंडीवर एकच पूजा झाली, ही खंत अजून आहे.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की भगरीला ओलीने बुरशी धरते आणि पिठाला तर फार लवकर. बुरशीचं विष भाजल्याने किंवा शिजवल्याने जात नाही. तेव्हापासून पीठ विकत आणत नाही. बंद पाकिटातली अख्खी भगर आणते, निवडून धुऊन सावलीत खडखडीत वाळवते आणि लागेल तेवढीच मिक्सरवर दळते. कुबट वास आला, दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले किंवा काळे ठिपके दिसले तर सरळ टाकून देते. जुन्या पिठात नवं मिसळत नाही.

कृष्णाकाठ

ताई, हे वाचून आमच्या देवळातल्या प्रसादाचा विचार पडला. तिथेही दीडशे माणसांची भगर असते आणि आदल्या दिवशी दळून आणलेलं पीठ घमेल्यात उघडं असतं. यंदा अख्खी भगरच शिजवायची, पीठ नको, असं सगळ्यांशी बोलतो.

कुणकेश्वरकर

आमच्या कुणकेश्वराक जत्रा आसता, तां तुमका म्हायतच आसतला. देऊळ समुद्राच्या काठार. मी ल्हान असताना आजयेबरोबर रातभर थंय बसायचंय. झोप इली की आजी म्हणायची, "चल, दर्याचा आवाज कसो येता तो बघून येऊया." वाळूत अनवाणी जायचंव, पाण्याक पाय लावायचंव आणि परत. गार वाळू पायाक लागली की झोप खंय जायची कोण जाणे. गावागावच्या देवांच्यो पालख्यो तीर्थस्नानाक येतत, ती गर्दी वेगळीच. आता मुंबैत रवतंय, घरात बसून जागरण करतंय, पण तिसऱ्या प्रहराक बाल्दीत गार पाणी घेऊन पाय बुडवतंय. तेवढांच जमता.

न्यू जर्सीहून

आमची अडचण वेगळी आहे. 2025 मध्ये भारतात चतुर्दशी 27 तारखेला सकाळी नऊच्या जरा आत संपली. म्हणजे आमच्याकडे 26 च्या रात्री साडेदहाच्या आतच. आदल्या रात्री ती सुरू झाली तोपर्यंत आमचा निशीथकाळ सरला होता. दोन्ही रात्री निशीथाला चतुर्दशी नाही, असं वर्ष निघालं. आम्ही 26 ला बसलो, कारण प्रदोषकाळी तरी ती होती. पण मग तिसऱ्या आणि चौथ्या यामाची पूजा अमावास्येत झाली. इथल्या दोन गुरुजींना विचारलं. एक म्हणाले रात्र एकच धरायची, दुसरे म्हणाले दुसऱ्या यामानंतर आवरतं घ्यायला हवं होतं. आम्ही चारही केल्या.

बेलाचा पाला भारतातून येताना आणू देत नाहीत. आम्ही अक्षता आणि पांढरी फुलं वाहतो आणि बेलाचं नाव घेतो. तिसऱ्या प्रहरात बाहेर बर्फ असतो, मुलं हॉलमध्ये झोपतात. मी आणि माझा नवरा आळीपाळीने मोठ्याने पोथी वाचतो, एका पानाने एकेक. मनातल्या मनात वाचलं की दहा मिनिटांत संपतो आम्ही.

घटिकापात्र

न्यू जर्सीच्या ताई, तारीख तुम्ही बरोबर धरलीत. दोन्ही दिवशी निशीथ नसेल तर दुसरा दिवस घेतात. याम मोजण्याबद्दल मी तुमच्या पहिल्या गुरुजींच्या बाजूचा आहे, कारण व्रत त्या रात्रीचं आहे. पण दुसरं मत धरणारे जाणते लोकही मला भेटले आहेत.

सुमनकाकू

बेलावरून आठवलं. चतुर्दशीला बेल तोडत नाहीत, म्हणून तो त्रयोदशीलाच काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. बेल शिळा होत नाही, धुऊन पुन्हा वाहिला तरी चालतो. तुपाच्या पूजेनंतर पानं कोमट पाण्यात सोडायची, तूप सुटतं. आणि दूध-दह्याला तांब्याचं भांडं वापरू नये, दही त्यात कळकतं. तांब्याचं पात्र फक्त पाण्याला, बाकीचं स्टीलच्या गडूतून.

इंदूरकर

आमचे पणजोबा होळकरांच्या काळात इंदूरला आले. घरात मराठी, जागरण मात्र उज्जैनचं. महाकालाला शिवनवरात्र असते, नऊ दिवस रोज वेगळा शृंगार. शिवरात्रीची रात्रभर पूजा चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला सेहरा बांधतात. मग भस्मारती होते ती भर दुपारी, बाराच्या सुमारास. एरवी ती पहाटेची, वर्षातून या एकाच दिवशी दुपारची. त्यामुळे आमचं जागरण सूर्योदयाला संपत नाही. मला तिसरा प्रहर कधीच जड गेला नाही, जड जातो तो सकाळी आठ ते दहा. आजी म्हणायची, उन्हात उभी राहा. सावलीत बसले की मी झोपलेच.

रातपाळी

आजी बरोबर सांगत होत्या. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की झोप मागे हटते. मात्र त्यानंतर घरी जाऊन झोपायचं असेल तर उलट करा, डोळ्यांवर कापड घ्या.

बाळंतघरातून

मला विचारायचं आहे. माझं बाळ चार महिन्यांचं आहे. गेली नऊ वर्षं मी चारही याम बसले. यंदा उपास करू की नको, सासरी दोन मतं आहेत. जागरण तसंही रोजच होतं, तिसऱ्या प्रहरात तर हमखास.

रातपाळी

ताई, पाणी आणि दूध कमी करू नका, निर्जळी तर मुळीच नको. अंगावर पाजणाऱ्या बाईची भूक खरी असते. फळं, दूध, शेंगदाणे, रताळं, भगर हे पोटभर खाऊन उपास जमतो का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

सुमनकाकू

माझी तिन्ही मुलं झाली तेव्हा त्या त्या वर्षी सासूबाईंनी मला उपास करू दिला नाही. त्यांनी माझ्या नावाने एक बेल जास्त वाहिला. तू बाळाला घेशील तेव्हा "ॐ नमः शिवाय" म्हण.

सोमवारचा_उपास

पारण्याचं कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे चतुर्दशी संपल्याशिवाय अन्न घेत नाहीत. 2025 ला ती सकाळी नऊच्या आत संपली म्हणून सोपं गेलं. ज्या वर्षी ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत असते तेव्हा काय करायचं? वडील संध्याकाळपर्यंत थांबायचे, त्यांना दोनदा भोवळ आली होती.

घटिकापात्र

त्याला जुन्या निर्णयग्रंथांत वाट आहे. चतुर्दशी दुसऱ्या दिवशी तीन प्रहरांच्या आत संपत असेल तर संपल्यावर पारणं. त्याच्याही पुढे जात असेल तर सकाळीच, चतुर्दशी असतानाच. म्हणजे संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नाही.

सोमवारचा_उपास

आमच्या गुरुजींचं मत वेगळं आहे. त्यांच्याकडून पुन्हा समजून घेतो आणि लिहितो.

कृष्णाकाठ

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. यंदासाठी ठरवलं ते असं. संध्याकाळी खिचडी बंद, रताळं आणि दूध. बाराला ताक. पाऊणला तुपाची पूजा, आणि त्यासाठी तूप पितळीत घेऊन समईजवळ ठेवायचं म्हणजे थिजणार नाही. दोनपासून गळतीला एकाऐवजी दोन मुलं, वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून. ज्याची पाळी नाही त्याने देवळाबाहेर पाराभोवती चालायचं. माझा पुतण्या बारा वर्षांचा आहे, त्याने स्वतःहून तिसरा प्रहर मागून घेतला. दर्भाची काडी कशी बसवायची ते काल त्याला दाखवलं. पहिल्यांदा धार फार मोठी झाली, मग अगदी बंद. चौथ्या वेळी थेंब बरोबर पडायला लागला, तेव्हा तो कान लावून बराच वेळ ऐकत बसला होता.